कललेली केळ, दोराचा ताण आणि मोमेंट : लंब अंतर घ्यायचं की क्रॉस प्रॉडक्ट?

अकरावी सायन्सच्या मुलांना बलाचा मोमेंट शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. पुस्तकात एका ठिकाणी M = F × d असं असतं आणि सांगितलेलं असतं की d म्हणजे लंब अंतर. थोड्या पानांनी पुढे तेच r × F असं सदिशांच्या भाषेत येतं. मुलं विचारतात, "सर, यातलं खरं सूत्र कोणतं?" इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेलेली मुलंसुद्धा सुट्टीत आली की हाच प्रश्न घेऊन येतात, फक्त तिथे त्यांचे मार्क गेलेले असतात. पालकांपैकी ज्यांनी स्वतः गणित-विज्ञान शिकलं आहे, ते घरी लंब अंतराची रीत समजावतात आणि मुलगा म्हणतो, "क्लासमध्ये अशी नाही शिकवली."

दोन्ही रीती खऱ्या आहेत आणि दोन्ही एकच गोष्ट मोजतात. पण कुठे कोणती सोपी पडते आणि कुठे एक रीत अर्धीच गोष्ट सांगते, हे एका उदाहरणात शेवटपर्यंत गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून आपल्या रावेर-यावल-चोपड्याकडचं, शिरपूरकडेही दिसणारं उदाहरण घेऊ: घडाच्या वजनाने कललेली केळ.

केळ आणि तिची मापं

निसवलेल्या केळीचा घड भरत जातो तसं खोड घडाच्या बाजूला झुकतं. केळीचं खोड म्हणजे लाकूड नव्हे, पानांच्या देठांची एकावर एक गुंडाळी. शेतकरी तिला बांबूचा टेकू देतो, किंवा पट्टीने शेजारच्या केळीला बांधतो, किंवा दोर लावून खुंटीला ताणतो. आपण दोर घेऊ.

शेताच्या पश्चिम कडेची ओळ समजा. केळ पूर्वेकडे, म्हणजे शेताच्या आत कलली आहे. पश्चिमेला मोकळा बांध आहे, तिथे खुंटी ठोकता येते. खोड जमिनीत शिरतं तो बिंदू O. तिथून पूर्वेकडे x मोजू आणि वर y मोजू. सगळी मापं मीटरमध्ये.

घडाचा दांडा बाहेर वळून जिथून खाली लोंबतो तो बिंदू B: (०.७, २.२). घड २५ किलोचा धरू, म्हणजे g = १० घेतल्यावर वजन २५० न्यूटन, सरळ खाली. दोर खोडाला जिथे बांधला तो बिंदू A: (०.४, १.८). खुंटी P: (−२, ०), म्हणजे बुंध्यापासून पश्चिमेला दोन मीटर.

हे आकडे मी हिशेब सरळ यावा म्हणून निवडले आहेत. खोडाचं आणि पानांचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही. ते धरायचं असेल तर त्याचाही मोमेंट ह्याच पद्धतीने काढून मिळवायचा, रीतीत काही बदलत नाही.

घडाचा मोमेंट : इथे लंब अंतर जिंकतं

प्रश्न असा: घड केळीला O भोवती किती जोराने पूर्वेकडे पाडतोय?

इथे पहिली चूक होते. मुलं O पासून B पर्यंतचं तिरकं अंतर घेतात. ते साधारण २.३ मीटर येतं, गुणाकार ५७५ च्या पुढे जातो, आणि उत्तर खऱ्याच्या तिप्पट होतं. 'बिंदूपासून बलापर्यंतचं अंतर' असं पाठ केलेलं असतं, म्हणून बल जिथे लागलंय तिथपर्यंतचं अंतर घेतात. पण अंतर बिंदूपर्यंतचं नाही, बलाच्या रेषेपर्यंतचं घ्यायचं. रेषा म्हणजे बल ज्या दिशेत काम करतंय त्या दिशेने दोन्हीकडे लांबवलेली रेघ.

घडाच्या वजनाची रेघ कुठली? गवंडी वापरतो तो ओळंबा B पासून खाली सोडा. दोरी जमिनीला जिथे टेकेल तिथपासून बुंध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. ते ०.७ मीटर. हेच लंब अंतर, कारण ओळंब्याची दोरी उभी आणि टेप आडवी, दोघांमध्ये काटकोन.

M = २५० × ०.७ = १७५ न्यूटन-मीटर

दिशा: दक्षिणेला उभं राहून उत्तरेकडे पाहिलं तर पूर्व उजवीकडे येते. केळ उजवीकडे पडतेय, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. आपण घड्याळाच्या उलट दिशेला धन मानू, म्हणून हा −१७५.

आता तेच क्रॉस प्रॉडक्टने. कागदाच्या प्रतलात असताना क्रॉस प्रॉडक्टचं एवढंच उरतं:

M = x·Fy − y·Fx

B साठी x = ०.७, y = २.२, Fx = ०, Fy = −२५०. म्हणून

M = (०.७)(−२५०) − (२.२)(०) = −१७५

चिन्ह आपोआप आलं, घड्याळ आठवावं लागलं नाही. आणि बघा, २.२ ला शून्याने गुणलं. घड किती उंचीवर आहे याचा त्याच्या वजनाच्या मोमेंटशी संबंधच नाही, फक्त तो किती बाहेर आहे याच्याशी आहे. फळ्यावर ही ओळ लिहून मुलांना विचारा, 'हा शून्य काय सांगतो?' ओळंब्याशी त्याचा संबंध मुलं स्वतःच लावतात.

दोराचा मोमेंट : इथे जरा दम लागतो

दोर A पासून P कडे जातो. A पासून P पर्यंत जाताना x मध्ये −२.४ आणि y मध्ये −१.८ इतका फरक. दोराची लांबी ३ मीटर (२.४, १.८, ३ म्हणजे आपला ४-३-५ चाच त्रिकोण). दोरात १०० न्यूटन ताण आहे असं धरू आणि त्याचा O भोवतीचा मोमेंट काढू.

लंब अंतराची रीत अशी. O मधून दोराच्या रेषेवर लंब टाका. ग्राफ पेपरवर १ सेंटिमीटर = २० सेंटिमीटर असं प्रमाण घेऊन काढलं, तर दोर १५ सेंटिमीटरचा येतो आणि गुण्याने टाकलेला लंब ६ सेंटिमीटरचा येतो, म्हणजे १.२ मीटर. हिशेबाने करायचं तर खुंटीपाशी बघा. तिथे दोर जमिनीशी जो कोन करतो त्याचा साइन १.८ ÷ ३ = ०.६. O खुंटीपासून २ मीटर. म्हणून लंब अंतर २ × ०.६ = १.२.

M = १०० × १.२ = १२०, घड्याळाच्या उलट, म्हणजे +१२०

इथे खरी कसरत कोणती ते लक्षात घ्या. गुणाकार सोपा आहे. अवघड आहे तो योग्य त्रिकोण शोधणं. काही मुलं A पाशी कोन शोधत बसतात, काही दोराची लांबी ३ घेतात, काही OA ची लांबी १.८४ घेतात आणि १८४ उत्तर काढतात. ज्याला भूमितीची नजर आहे त्याला खुंटीपाशी त्रिकोण दिसतो, बाकीच्यांना नाही. लंब अंतराच्या रीतीची ही मर्यादा आहे: प्रत्येक आकृतीला नवी युक्ती लागते.

क्रॉस प्रॉडक्टला युक्ती लागत नाही. ताणाचे घटक: −२.४/३ ला १०० ने गुणलं की Fx = −८०, −१.८/३ ला गुणलं की Fy = −६०. A चे निर्देशांक (०.४, १.८).

M = (०.४)(−६०) − (१.८)(−८०) = −२४ + १४४ = १२०

तेच उत्तर. या ओळीत दोन पदं आहेत आणि ती वाचण्यासारखी आहेत. १४४ हा दोराच्या आडव्या ओढीचा मोमेंट: ८० न्यूटनने १.८ मीटर उंचीवर पश्चिमेकडे ओढलं, केळ उभी व्हायला लागली. −२४ हा खाली ओढण्याचा मोमेंट: दोर केळीला खालीही दाबतोय, आणि A आधीच पूर्वेला झुकलेला असल्याने हे दाबणं पाडायलाच मदत करतंय. एका बलाचा मोमेंट म्हणजे त्याच्या घटकांच्या मोमेंटची बेरीज, हे व्हॅरिन्यॉन या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखलं जाणारं प्रमेय इथे आपोआप येऊन गेलं. लंब अंतराने केलं तेव्हा हे २४ चं नुकसान दिसलंच नव्हतं, १२० मध्ये विरघळून गेलं होतं.

ताळा कसा करायचा

ही युक्ती मी पालकांना मुद्दाम सांगतो, कारण घरी उत्तर तपासायला पुस्तक लागत नाही. r हा सदिश O पासून बलाच्या रेषेवरच्या कोणत्याही बिंदूपर्यंत घेतला तरी चालतो. A घेतला, आता P घेऊन बघा. P = (−२, ०).

M = (−२)(−६०) − (०)(−८०) = १२०

एका ओळीत झालं. असं का चालतं? A पासून P कडे सरकताना आपण बलाच्याच दिशेने सरकतो. r मध्ये जी भर पडते ती F ला समांतर असते, आणि समांतर सदिशांचा क्रॉस प्रॉडक्ट शून्य. म्हणजे रेषेवर कुठेही सरका, O पासून रेषेचं लंब अंतर थोडंच बदलणार! दोन्ही रीती एक का आहेत याचं उत्तर इथेच आहे. क्रॉस प्रॉडक्टचं माप r F sinθ, आणि r sinθ म्हणजेच लंब अंतर. एकीत साइन आधी काढून d मध्ये ठेवला, दुसरीत तो घटकांच्या गुणाकारात लपला.

कोनाबद्दल एक सूचना. A पाशी r आणि F यांच्यामधला कोन मोजायचा तर दोघांच्या शेपट्या एका जागी आणाव्या लागतात, तेव्हा तो सुमारे १३९ अंश येतो. त्रिकोणात दिसणारा आतला कोन सुमारे ४१ अंश. दोघांची बेरीज १८०, म्हणून साइन सारखाच, उत्तर चुकत नाही. मात्र डॉट प्रॉडक्टमध्ये हीच ढिलाई केली तर चिन्ह उलटतं. त्यामुळे 'चालतंय ना' म्हणून सोडून देऊ नये असं माझं मत.

मुलाने r आणि F ची अदलाबदल करून F × r केलं, किंवा r हा O पासून A कडे घेण्याऐवजी A पासून O कडे घेतला, तर मापं बरोबर येतात पण चिन्ह उलटं. अशा वेळी आकडे बघू नका, केळ बघा. पश्चिमेला ओढणारा दोर केळीला पूर्वेला पाडतोय असं उत्तर आलं की चूक कळलीच.

किती ताण लागेल?

आता खरा उपयोग. घडाचे −१७५ पूर्ण तोलायचे तर दोराच्या ताणाला १.२ ने गुणून १७५ यायला हवेत. ताण = १७५ ÷ १.२ = सुमारे १४६ न्यूटन. मुळंही थोडा भार घेतात, त्यामुळे प्रत्यक्षात ताण याहून कमी असतो, पण मुळांवर काहीच ठेवायचं नसेल तर इतका.

खुंटी जवळ ठोकली तर? जागा नाही म्हणून १ मीटरवर ठोकली असं समजा. दोर उभट होतो. लंब अंतर सुमारे ०.७९ मीटर येतं आणि ताण सुमारे २२२ न्यूटन लागतो. दीडपट! दोर तुटतो किंवा खुंटी उपटून येते ती अशी.

आणि दोर आडवाच बांधला तर, म्हणजे त्याच १.८ मीटर उंचीवर शेजारच्या केळीला? तेव्हा लंब अंतर थेट १.८ आणि ताण फक्त ९७ न्यूटन. पट्टीने केळी एकमेकींना बांधतात तिथे हाच फायदा मिळतो. पण ही फुकटची मदत नाही. ती पट्टी शेजारणीलाही ९७ न्यूटनने ओढते, तिच्या बुंध्याभोवती तोच ९७ × १.८, म्हणजे जवळपास १७५ चा मोमेंट देते. शेजारीण उलट बाजूला कललेली असेल तर दोघी एकमेकींना तोलतात, तीही त्याच बाजूला कललेली असेल तर एकीचं ओझं दुसरीवर गेलं इतकंच.

वाऱ्याचं एका वाक्यात सांगतो, कारण मे-जूनमधल्या वादळी वाऱ्यात आडव्या झालेल्या बागा आपल्याकडे सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पश्चिमेचा वारा पानांच्या झुबक्यावर, २ मीटर उंचीवर, समजा १०० न्यूटनने आडवा ढकलतोय, तर लंब अंतर म्हणजे उंचीच आणि मोमेंट −२००. घडापेक्षाही जास्त, आणि त्याच बाजूला. दोन्ही मिळून −३७५. वजनात उंचीला शून्याने गुणलं होतं, वाऱ्यात उंचीच सगळं ठरवते. बुटक्या बसराईपेक्षा उंच वाणाला वारा का जास्त छळतो, ते इथून कळतं.

खुंटी जरा बाजूला सरकली

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग क्रॉस प्रॉडक्टचा एवढा थाट कशाला? ग्राफ पेपर आणि गुण्या पुरे. खरं आहे, कागदाच्या प्रतलात पुरतं. आता खुंटी हलवू.

बांधावर नेमकी त्या जागी ठिबकचा व्हॉल्व्ह आहे. खुंटी दक्षिणेकडे सव्वा मीटर सरकवावी लागली. दक्षिण म्हणजे कागदातून आपल्याकडे येणारी दिशा, तिला z म्हणू. A = (०.४, १.८, ०), P = (−२, ०, १.२५).

A पासून P पर्यंतचे फरक: −२.४, −१.८, १.२५. दोराची लांबी ३.२५ मीटर (वर्ग करून बघा, बरोबर येते). ताण १३० न्यूटन घेऊ, म्हणजे प्रत्येक फरकाला ४० ने गुणायचं. F = (−९६, −७२, ५०).

लंब अंतर काढा म्हटलं तर? O, A, P हा त्रिकोण आता तिरका उभा आहे. गुण्या लावता येत नाही. तिन्ही बाजू काढून (१.८४, २.३६, ३.२५), हेरॉनच्या सूत्राने क्षेत्रफळ काढून, त्याच्या दुपटीला ३.२५ ने भागून d मिळतो. मिळतो १.३२ मीटर. मोमेंट १३० × १.३२, म्हणजे सुमारे १७१.

थांबा इथे. आधी लंब अंतर १.२ होतं, खुंटी बाजूला सरकवल्यावर १.३२ झालं. म्हणजे प्रत्येक न्यूटनमागे मोमेंट वाढला. मग खुंटी बाजूला ठोकणं फायद्याचं? शेतकऱ्याला विचारा, तो हसेल. दोर कलण्याच्या सरळ विरुद्ध दिशेला लावायचा असतो हे त्याला माहीत आहे.

काय चुकलं ते क्रॉस प्रॉडक्ट दाखवतो. आता तीन घटक आहेत:

Mx = y·Fz − z·Fy = (१.८)(५०) − ० = ९०
My = z·Fx − x·Fz = ० − (०.४)(५०) = −२०
Mz = x·Fy − y·Fx = (०.४)(−७२) − (१.८)(−९६) = −२८.८ + १७२.८ = १४४

लक्षात ठेवायची युक्ती: ज्या अक्षाभोवती मोमेंट काढतोय त्या अक्षाच्या अक्षराला सुट्टी, आणि उरलेली दोन x-y-z-x या चक्राच्या क्रमाने. ताळा P वरून करा, हेच तीन आकडे येतात. तिन्हींच्या वर्गांची बेरीज २९,२३६ आणि तिचं वर्गमूळ १७१. लंब अंतराने आलेलं माप खोटं नव्हतं. पण त्याने तिन्ही घटक एका पोत्यात भरले होते.

पोतं उघडू. Mz = १४४ हा केळ उभी करणारा भाग, जो घडाच्या −१७५ शी लढतो. प्रत्येक न्यूटनमागे तो १४४ ÷ १३० = १.११, म्हणजे आधीच्या १.२ पेक्षा कमी. Mx = ९० हा पूर्व-पश्चिम अक्षाभोवतीचा. तो केळीला दक्षिणेकडे, दोराच्या बाजूला झुकवतोय. आधी केळ एकाच बाजूला पडत होती, आता दोर तिला दुसऱ्या बाजूला पाडतोय. My = −२० हा उभ्या अक्षाभोवतीचा, खोडाला पीळ देणारा. वरून पाहिलं तर पूर्वेकडून दक्षिणेकडे.

घडाचे १७५ पूर्ण तोलायचे तर या तिरक्या दोराला १५८ न्यूटन ताण द्यावा लागेल, आणि तेव्हा दक्षिणेकडे पाडणारा मोमेंट सुमारे १०९ होईल. घडाच्या मोमेंटच्या निम्म्याहून जास्त! 'एकूण मोमेंट १७१, म्हणजे घडाच्या १७५ च्या जवळ, झालं काम' असं ज्याने लिहिलं, त्याची केळ दक्षिणेकडच्या सरीत आडवी.

इथेच लंब अंतराची रीत अपुरी पडते. ती मोमेंटचं माप देते, कोणत्या अक्षाभोवती ते देत नाही. प्रतलात अक्ष एकच असतो, म्हणून फरक पडत नाही आणि चिन्ह पुरतं. अवकाशात पडतो. मोमेंटला सदिश का म्हणायचं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सोपं उत्तर ही सरकलेली खुंटी आहे. क्रॉस प्रॉडक्टची आजची मांडणी अमेरिकेतल्या गिब्जने १८८१ च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांसाठी छापलेल्या टिपणांतून आली. तरफेचा नियम मात्र आर्किमिडीजच्या काळापासूनचा आहे. म्हणजे दोन हजार वर्षं लोकांचं लंब अंतरावर भागत होतं, हेही विसरू नये.

दोन दोर, किंवा कैची

व्हॉल्व्ह हलत नाही, मग काय करायचं? दुसरा दोर लावायचा, उत्तरेकडे तितकाच सरकवून. त्याची खुंटी (−२, ०, −१.२५). त्याच ताणाला त्याचे घटक काढा: Mx = −९०, My = +२०, Mz = १४४. हे पुन्हा सगळं करायची गरज नाही, जिथे z येतो तिथे फक्त चिन्ह बदलतं. दोघांची बेरीज केली की ९० आणि −९० गेले, −२० आणि २० गेले, राहिले फक्त २८८. म्हणजे १७५ तोलायला प्रत्येक दोरात फक्त ७९ न्यूटन ताण पुरतो.

दोन बांबूंची कैची करून केळीला टेकू देतात तेव्हा हेच घडतं, फक्त दोर ओढतो आणि बांबू ढकलतो. बांबू कललेल्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून लावतात. एकच बांबू ठेवला आणि तो जरा वाकडा बसला तर केळ त्याच्यावरून घसरते, ती ह्या Mx मुळेच. दोन बांबूंचे आडवे मोमेंट एकमेकांना खातात आणि कैचीच्या खोबणीत खोड बसून राहतं.

मग वर्गात कोणती रीत आधी?

माझा क्रम असा. आधी लंब अंतर, तेही ओळंब्याने आणि ग्राफ पेपरवर, कारण मोमेंट म्हणजे काय हे तिथे डोळ्यांना दिसतं. बल उभं किंवा आडवं असेल, किंवा आकृतीत काटकोन समोरच दिसत असेल, तर शेवटपर्यंत हीच रीत वापरावी, परीक्षेतही. घडाच्या वजनासाठी निर्देशांक मांडत बसणं म्हणजे वेळ घालवणं. बल तिरकं असेल आणि बिंदूंचे निर्देशांक दिलेले असतील तर x·Fy − y·Fx. आणि एक जरी बल प्रतलाबाहेर गेलं तर पूर्ण क्रॉस प्रॉडक्ट, तिन्ही घटकांसह, घटक वेगवेगळे ठेवून. शेवटी वर्गमूळ काढायची घाई नको. बऱ्याच गणितांत ते विचारलेलंही नसतं, मुलं सवयीने काढतात आणि अक्ष हरवतात.

मुलांना देण्यासाठी एक गणित. खुंटी बुंध्यापासून पश्चिमेला २ मीटरवरच, प्रतलातच आहे, पण दोर A ऐवजी खोडावर निम्म्या उंचीवर, (०.२, ०.९) ला बांधला. १७५ तोलायला ताण किती लागेल? दोन्ही रीतींनी काढायला सांगा, आणि क्रॉस प्रॉडक्टचा ताळा P वरून. लंब अंतर सुमारे ०.७६ मीटर आणि ताण सुमारे २३१ न्यूटन यायला हवा.